"कंपनीनं मारलं माझ्या लेकराला" हे वाक्य खरं धरायचं का?

भट्टीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी जालन्याचा. एमआयडीसीतल्या एका सळई कारखान्यात नऊ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. खटला चालू आहे म्हणून कारखान्याचं नाव लिहीत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या मेल्ट शॉपमध्ये भट्टी फुटली. दोन माणसं गेली. त्यातला एक माझ्या गल्लीतला, बावीस वर्षांचा. ठेकेदाराकडून भट्टीत भंगार टाकायच्या कामावर होता. परवा त्याच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो. जेवणं उरकल्यावर त्याची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "कंपनीनं मारलं माझ्या लेकराला." तिचा भाचा वकिली शिकतो. तो समजावायला लागला, "मावशी, कंपनी कुणाला मारत नसते. कंपनी म्हणजे कागद. मारलं असेल तर माणसानं मारलं, त्याचं नाव घे." काकू गप्प झाल्या. मला मात्र रात्रभर झोप नाही. कारण नाव घ्यायचं म्हटलं तर पहिलं नाव माझंच येतं.

ज्यांनी इंडक्शन भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधे पातळ झालेलं लोखंड, साधारण १६०० अंशांचं. त्याच्याभोवती काही इंच जाडीचं लायनिंग, रॅमिंग मास ठोकून केलेलं. त्याच्या बाहेर तांब्याची कॉइल, आणि कॉइलच्या पोटातून पाणी फिरत असतं. म्हणजे तापलेलं लोखंड आणि पाणी यांच्यामधे फक्त ते लायनिंग. दर हीटला, म्हणजे लोखंड वितळवायच्या दर फेरीला, ते थोडं झिजतं. चीर पडून लोखंड कॉइलकडं सरकायला लागलं की जीएलडी नावाची सुरक्षा यंत्रणा गळतीचा करंट पकडते आणि भट्टी ट्रिप करते.

त्या आठवड्यात जीएलडी सारखी ट्रिप होत होती. लायनिंगमध्ये ओल असली तरी ती ट्रिप होते, कॉइलचं पाणी खराब झालं तरी होते. त्यामुळं "खोटी ट्रिप" हा शब्द आमच्या तोंडात बसलेला. एका रात्री तीनदा ट्रिप झाल्यावर माझ्या हाताखालच्या पोरानं जंपर टाकून ती बायपास केली. मी इलेक्ट्रिकलच्या वहीत लिहिलं, "जीएलडी बायपास, पुढच्या शटडाउनला तपासणे." खाली सही माझी.

लायनिंगचा ठेका दुसऱ्याकडं होता. त्याच्या मिस्त्रीनं त्याच दिवशी आपल्या वहीत लिहिलं होतं, "तळाशी दोन ठिकाणी खड्डे. पॅचिंग केले. दोन हीटनंतर लायनिंग बदलणे." हे मला अपघातानंतर कळलं. बिलेटची ऑर्डर अडकली होती म्हणून शटडाउन सोमवारवर ढकललं गेलं. दोनच्या ठिकाणी पाच हीट निघाल्या. सहावीला लोखंड कॉइलपर्यंत गेलं, तांबं वितळलं, पाणी लोखंडाखाली अडकलं. पाण्याची वाफ झाली की ती सतराशे पट जागा मागते. पुढचं लिहीत नाही.

लायनिंग धड असताना बायपासवर भट्टी चालून जाते, आम्ही चालवलेली आहे. लायनिंग झिजलेलं पण जीएलडी जागी असली तर ती ट्रिप करून वाचवते. दोन्ही एकदम झालं की माणसं मरतात. आणि दोन्ही एकदम झालंय, हे त्या दिवशी कारखान्यातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. निम्मं माझ्या वहीत होतं, निम्मं मिस्त्रीच्या.

पूर्वी आमच्याकडं एक मेल्ट शॉप इंजिनिअर होते. रोज सकाळी दोन्ही वह्या बघून एका कागदावर सही करायचे. तो कागद असल्याशिवाय भट्टी लागत नसे. २०२० ला ते नोकरी सोडून गेले. जागा भरलीच नाही. "भरायची नाही" असं कुणी म्हणालं नाही, दर वेळी "पुढच्या तिमाहीत बघू". तो कागद आपोआप बंद पडला.

गुन्हा दाखल झाला भट्टी चालवणाऱ्या मेल्टरवर आणि लायनिंगच्या ठेकेदारावर. माझं नाव नाही. आता सांगा, काकूंचं वाक्य दुःखातलं म्हणून सोडून द्यायचं, की ते शब्दशः खरं आहे?

अंबडचौफुली

भाऊ, इतका विचार कशाला करायलात? जालन्यात कंपनी म्हंजे शेठ. कागदावर प्रायव्हेट लिमिटेड, डायरेक्टर कोण तर शेठ, शेठची बायको आन् पोरगं. इंजिनिअरचा पगार वाचला तो कुणाच्या खिशात गेला? शेठच्या. मग मारलं कुणी? शेठनं. कंपनी-कंपनी करून तुमी त्याला लपायला जागा देऊ लागलात. त्या काकूला म्हणा, कंपनी म्हणू नका, शेठचं नाव घ्या.

वाळूजकर

दादा, वाचून वाईट वाटलं. माझ्या भावाची तीन बोटं वाळूजला पॉवर प्रेसमध्ये गेली. प्रेसला दोन हातांची बटणं असतात, दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय ठोका पडत नाही. एक बटण काडी घालून दाबून ठेवलेलं होतं, कारण तसं केल्याशिवाय तासाचा आकडा निघत नव्हता. आम्ही दोन वर्षं "चूक कुणाची" यातच घालवली. सुपरवायझर म्हणे भावाची, भाऊ म्हणे सुपरवायझरची. शेवटी एकानं सांगितलं की ईएसआयला चूक कुणाची ते विचारतच नाहीत. अपघात कामावर झाला एवढं पुरतं. भावाला टक्केवारीप्रमाणे दरमहा पैसे सुरू झाले.

तुमच्या काकू विधवा असतील आणि मुलगा ईएसआयमध्ये असेल तर त्यांना डिपेंडंट्स बेनिफिट मिळतं, सरासरी मजुरीच्या ९० टक्क्यांच्या दरानं, वारसांमध्ये वाटून. मुलगा ठेकेदाराचा असला तरी मूळ कारखान्याला हात वर करता येत नाहीत. आधी हे झालंय का बघा. कंपनी माणूस आहे की नाही हे नंतर.

भट्टीकाठ

@वाळूजकर, तुमच्या भावाचं वाचून कळवळलो. काकूंचं ईएसआयचं झालंय, पैसे येतात. पण तुम्ही लिहिलंत त्यामुळं मला माझाच प्रश्न नीट दिसला. पैसे चूक न विचारता मिळाले. म्हणूनच त्या पैशानं काकूंना उत्तर मिळालेलं नाही. त्यांना पैसे नकोत असं नाही. "तुमच्या मुलाचा अपघात झाला" आणि "तुमच्या मुलावर अन्याय झाला" यातलं दुसरं वाक्य त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय.

@अंबडचौफुली, शेठला जीएलडी म्हणजे काय हे माहीत नव्हतं. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही. चौकशीच्या दिवशी त्यांनी मलाच विचारलं होतं.

कुंडलिका

मी जालन्यात वकिली करते, कामगारांच्या बाजूनं. भाच्याचं म्हणणं आधी घेऊ, कारण तो जे म्हणाला ते कायद्यानं चूक आहे. दंडविधानात "व्यक्ती" या शब्दात कंपनी धरलेली आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ११ व्या कलमात होती, नव्या न्याय संहितेतही आहे. अडचण शिक्षेची होती. कैद सक्तीची असलेल्या गुन्ह्यात कंपनीवर खटला कसा चालवायचा, तिला तुरुंगात कसं टाकायचं? २००५ साली स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं, की तुरुंग शक्य नाही म्हणून कंपनी सुटत नाही, दंड करा. २०१० साली इरिडियम विरुद्ध मोटोरोला या निकालात पुढचं पाऊल पडलं. कंपनी सांभाळणाऱ्या माणसांचा हेतू हा कंपनीचा हेतू धरता येतो, असं न्यायालयानं सांगितलं.

पण भट्टीकाठ दादांची घटना नेमकी इथंच अडते. कंपनीचं मन शोधायला कायदा एखाद्या मोठ्या पदावरच्या माणसाच्या डोक्यात शिरतो. त्याला माहीत होतं तर कंपनीला माहीत होतं. तुमच्याकडं तसं कुणाच्याच डोक्यात नव्हतं, दोन वह्यांत अर्धं-अर्धं होतं.

तुमच्यासारखीच एक घटना इंग्लंडमध्ये घडली. १९ सप्टेंबर १९९७, लंडनजवळ साउथॉल. प्रवासी गाडीनं लाल सिग्नल ओलांडला आणि मालगाडीवर आदळली. सात माणसं गेली. लाल सिग्नलपूर्वी चालकाला सावध करणारी यंत्रणा त्या इंजिनात बंद करून ठेवलेली होती, कारण ती बिघडली होती. दुसरी, गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणाही त्या दिवशी चालू नव्हती. गाडी तरीही चालवली गेली. कंपनीवर मनुष्यवधाचा आरोप ठेवला तेव्हा न्यायाधीशांनी तो काढून टाकला. ज्याचा अपराध तोच कंपनीचा अपराध म्हणता येईल असा एकही वरिष्ठ माणूस सरकारी पक्षाला दाखवता आला नाही, हे कारण. वरच्या न्यायालयानंही तेच मान्य केलं. सुरक्षेचा वेगळा कायदा मोडला म्हणून कंपनीला १५ लाख पौंड दंड झाला, पण सात मृत्यूंचा दोष कुणावरच बसला नाही.

म्हणून तिथं २००७ साली नवा कायदा झाला. त्यात एका माणसाचं डोकं शोधावं लागत नाही. वरिष्ठांनी कामाची जी घडी बसवली होती ती घडीच मृत्यूला मोठ्या प्रमाणात कारण झाली का, हे विचारतात. तुमच्याकडं घडी म्हणजे तो बंद पडलेला कागद. आपल्याकडं मृत्यूसाठी असा कायदा नाही.

सळईवाला

माझी स्वतःची रोलिंग मिल आहे, लहान. शिव्या बसतील, तरी मनातलं लिहितो.

कंपनीला दोष देणं दिसायला न्याय्य आहे, पण शॉप फ्लोअरवर त्याचा अर्थ काय होतो ते बघा. उद्या माझा फिटर गार्ड न बसवता मशीन चालू करेल आणि म्हणेल, "सिस्टिमची चूक." दोष सगळ्यांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा येतो, की कुणी झोप मोडून घेत नाही. भट्टीकाठ यांना झोप लागत नाही, कारण सही त्यांची आहे. अशी माणसं आहेत म्हणून माझी मिल सुरक्षित चालते. तुम्ही त्यांना सांगाल की चूक कंपनीची होती, तर तुम्ही त्यांची ती टोचणी काढून घ्याल.

दुसरं, दंड कंपनीनं भरला म्हणजे कुणी भरला? माझ्याकडं जबर दंड झाला तर पहिला बोनस जाईल, मग ठेक्यावरची माणसं कमी होतील. शिक्षा अशांना होईल ज्यांनी काही केलं नाही.

कुंडलिका

@सळईवाला, दंडाचं तुमचं बरोबर आहे आणि ते मोठ्या प्रकरणांतही दिसतं. भोपाळला टाकीची शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती, वायू धुणारा स्क्रबर वेळेवर कामाला आला नाही. पुन्हा तेच, एकेकटं बंद असतं तर कदाचित निभावलं असतं. २०१० च्या जूनमध्ये निकाल लागला तेव्हा भारतीय कंपनीला दंड झाला साधारण ५ लाख रुपये. हजारो मृत्यूंना. अधिकाऱ्यांना दोन वर्षांची कैद आणि त्याच दिवशी जामीन. अमेरिकेतली मूळ कंपनी न्यायालयात उभीच राहिली नाही, तिला १९९२ मध्येच फरार घोषित केलं होतं. फरार कंपनी! माणसासाठी केलेला शब्द तिला लावावा लागला, कारण ती खरोखर माणसासारखीच पळाली होती.

पण दंड कमी पडतो किंवा चुकीच्या खिशातून जातो, यावरून दोषच नव्हता असं निघत नाही. ती शिक्षेची अडचण झाली.

इनामदप्तर

मी महसूल खात्यातून निवृत्त. परळी-अंबाजोगाई भागात देवस्थान इनामाच्या जमिनी पुष्कळ पाहिल्या. सातबारावर मालक म्हणून देवाचं नाव, वहिवाटदार म्हणून माणसाचं. न्यायालयं देवाला कायद्यापुरती व्यक्ती मानतात, तीही कायमची अल्पवयीन. देव दावा लावतो, देवावर दावा लागतो. पण वहिवाटदारानं कुळाला लुबाडलं तर "देवानं लुबाडलं" असं आजवर एकाही कुळाच्या तोंडून ऐकलं नाही. लोक वहिवाटदाराचंच नाव घेतात.

तेव्हा कायद्यानं व्यक्ती म्हटलं म्हणजे ती पापपुण्याची धनी झाली असं नाही. कुंडलिकाताईंनी कलमं दिली ती बरोबर आहेत. पण काकूंचा प्रश्न कलमाचा नाही असं मला वाटतं.

पैठणकर

इनामदप्तर काकांचा दाखला फार चांगला आहे. मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतो, हा दाखला आजवर सुचला नव्हता. पण तो उलट्या बाजूनंही वाचता येतो.

देवाला आपण दोष का देत नाही? जमिनीचा एकही निर्णय देव घेत नाही म्हणून. सगळे निर्णय वहिवाटदाराचे, देवाचं फक्त नाव. कंपनीचं तसं आहे का? भट्टीकाठ यांनी लिहिलेलं ते एक वाक्य पुन्हा बघा. इंजिनिअरची जागा भरायची नाही असं कुणीच म्हणालं नाही, तरी ती भरली गेली नाही. एचआरनं नाव पाठवलं असेल, अकाउंट्सनं बजेट नाही म्हणून थांबवलं असेल, प्रॉडक्शननं "सध्या चालतंय" म्हटलं असेल. तिघांनाही एकेकटं विचारलं तर तिघंही म्हणतील की इंजिनिअर हवा होता. आणि तरी निर्णय झाला "नको". हा निर्णय कुणाचा? तिघांपैकी एकाचाही नाही. तो कंपनीचा आहे, आणि दोन वर्षं दर तिमाहीला तोच निघत राहिला. एकदा झाला असता तर अपघातानं झाला म्हणालो असतो.

माणसाला आपण दोष देतो तेव्हा काय गृहीत धरतो? त्याच्यासमोर कारणं ठेवली तर तो ती ऐकू शकला असता, वागणं बदलू शकला असता. म्हैस अंगावर आली तर आपण म्हशीला दोषी म्हणत नाही. मग कंपनीला कारण ऐकता येतं का? त्या कारखान्यात एकेकाळी येत होतं. दोन वह्या एका माणसाच्या डोळ्यांखालून जायच्या आणि कागदावर सही व्हायची, ते त्या कंपनीचं ऐकणं होतं. ऐकायची सोय तिच्याकडं होती, ती तिनं बंद पडू दिली. म्हणून "कुणालाच माहीत नव्हतं" ही सबब मला पटत नाही. माहीत होऊ नये अशी घडी तिनंच बसवली होती.

काकूंचं वाक्य मी शब्दशः खरं मानतो.

जळीतवॉर्ड

मी नर्स आहे, चौदा वर्षं जळीत रुग्णांमध्ये. सर, तुमचं वाचलं आणि पटलंही, पण एक गोष्ट मला अडते.

कारखान्यातला अपघात झाला की दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येतो. बहुतेक वेळा एचआरचा तरुण पोरगा असतो. फळं आणतो. आतलं दृश्य बघून बाहेर येऊन रडतो, खरंच रडतो, मी पाणी दिलेलं आहे. नातेवाइकांना म्हणतो, "कंपनीला अतिशय दुःख आहे." दर वेळी माझ्या मनात येतं, कुणाला दुःख आहे? दुःख या पोराला आहे, आणि याची चूक काही नाही. ज्याची चूक म्हणता, त्या कंपनीला रात्री कधी दचकून जाग येणार आहे का? माणसाला दोष देतो तेव्हा त्याला आतून लागावं अशी आपली अपेक्षा असते. ज्याला लागतच नाही त्याला दोष देऊन काय होतं?

पैठणकर

सिस्टर, याचं पुरतं उत्तर माझ्याकडं नाही. एवढंच म्हणेन, की पश्चात्ताप फक्त रडण्यात नसतो, पुन्हा तसं न करण्यातही असतो. कंपनी रडू शकत नाही, पण तो कागद पुन्हा सुरू करू शकते, आणि मृतांच्या घरी जाऊन "जागा भरली नाही ही आमची चूक" असं नाव घेऊन सांगू शकते. ते तिनं केलं नाही तर ते न करणं हेही तिचंच. पण तुम्ही म्हणता ती आतली कळ तिला येत नाही, हे खरं आहे. त्यामुळं तिचा दोष माणसाच्या दोषासारखा सगळ्या बाजूंनी असतो असं मी म्हणणार नाही.

अंबडचौफुली

सर, तुमचं समदं मान्य. पन तीन खात्यांनी "बघू बघू" केलं तवा वर बसून शेठ काय करत होता? ती घडी कुणी बसवली? कंपनी काय आभाळातून पडली का?

कुंडलिका

@अंबडचौफुली, तुम्ही अर्धं बरोबर आहात आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. या अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियमात कारखान्याला जबाबदार "भोगवटादार" म्हणून संचालकांपैकीच एकाला धरत. मॅनेजरला पुढं करून चालत नसे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या निकालात पक्कं केलं. त्यामुळं शेठना जीएलडी कळत नव्हतं हा बचाव त्या कायद्यात फारसा टिकू नये. भट्टी कळत नसेल तर कळणारा माणूस ठेवणं हेच त्यांचं काम होतं. पण त्या कायद्यात शिक्षा होती ती बघा, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मृत्यू असेल तर दंड किमान पंचवीस हजार. आमच्याकडं बहुतेक वेळा दंडावरच भागतं.

तुमचं चुकतं ते इथं. सगळा दोष शेठवर टाकला तर शेठ बदलला की दोष संपतो. इंग्लंडच्या त्या नव्या कायद्याखाली पहिली शिक्षा २०११ मध्ये एका अगदी छोट्या कंपनीला झाली. तिथं मालक कोण आणि निर्णय कुणाचा हे शोधायला लागतच नव्हतं. म्हणजे कायदा केला मोठ्या कंपन्यांसाठी आणि आधी सापडली छोटी. मोठ्या कंपनीत शेठ नसतोच, तिथं तुम्ही कुणाचं नाव घ्याल?

भट्टीकाठ

शेठ बदलण्याचं ताईंनी लिहिलं म्हणून सांगतो. आमचा कारखाना गेल्या वर्षी विकला गेला. गेटवर नवं नाव आहे. भट्टी तीच, कॉइल बदललेली. मेल्टरही बरेच तेच. नवीन मालकांनी काकूंच्या पत्राला उत्तर दिलं, "ही घटना आमच्या कार्यकाळातील नाही." कागदावर खरं असेल. पण मी मुद्दाम जुन्या मित्राला विचारलं, सकाळचा सहीचा कागद सुरू झालाय का? नाही म्हणाला. म्हणजे ज्या सवयीनं माणसं मारली ती सवय नव्या नावाखाली तिथंच आहे. मग गेली कोण?

@सळईवाला, तुमच्यावर राग नाही. तुम्ही लिहिलंत ते मला लागलं आणि लागायलाच पाहिजे होतं. कंपनीचा दोष कळल्यावर माझी सही पुसली जाईल अशी कुठं तरी आशा होती, म्हणूनच धागा काढला असेन. पैठणकर सरांचं तीनदा वाचलं. कंपनी दोषी आहे हे पटलं. पण त्यातून माझ्या वाट्याचं काही कमी झालेलं नाही. बायपास लिहिताना मिस्त्रीला एक हाक मारून "लायनिंग कसं आहे रे?" एवढं विचारायला मला कुणी अडवलं नव्हतं.

सळईवाला

भाऊ, एवढं लिहायला जिगर लागते. मी माझं थोडं बदलतो. तुम्ही विचारायला हवं होतं, पण तुम्हाला आठवण राहिली तरच माणसं जगणार अशी व्यवस्था मी तरी माझ्या मिलमध्ये ठेवणार नाही. आज संध्याकाळी बसून माझ्याकडं किती सुरक्षा यंत्रणा बायपासवर आहेत त्याची यादी मागितली. मॅनेजर म्हणाला एकही नाही. फोरमन म्हणाला चार. दोघंही खोटं बोलत नव्हते.

दंड कामगारांच्या खिशातून जातो, हे माझं म्हणणं मात्र अजून तसंच आहे.

वाळूजकर

दादा, वह्यांचे फोटो आहेत का तुमच्याकडं? आमच्या वेळी दुसऱ्या दिवशी काडी गायब झाली आणि प्रेसला नवं बटण बसलं. पुरावा काहीच उरला नाही.

भट्टीकाठ

माझ्या पानाचा आहे. अपघाताच्या रात्रीच काढला होता. कुणाला दाखवलेला नाही. मिस्त्रीची वही त्याच्या ठेकेदाराकडं होती, पोलिसांनी नेली का माहीत नाही.

कुंडलिका

दादा, आता वकील म्हणून बोलते. तो फोटो पुढं आणलात तर मेल्टरला मोठा आधार मिळेल. सगळं त्याच्या गळ्यात घातलंय आणि त्याला दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या. पण न्यायालय साक्षीतून पुढं आलेल्या माणसाला आरोपीही करू शकतं. सही तुमची आहे. जबाब देण्यापूर्वी स्वतःचा वकील करा, माझ्याकडंच या असं नाही. आणि फोटो ज्या फोनमध्ये काढला तो फोन विकू नका, त्यातलं काही पुसू नका.

एकट्या तुमच्या पानानं फक्त बायपास सिद्ध होतो, म्हणजे दोष तुमच्यावर येतो. मिस्त्रीचं पान सोबत आलं तरच दोन्ही वह्या एकत्र बघणारं कुणी नव्हतं हे दिसतं. शेवटच्या दोन वर्षांत इंजिनिअरच्या जागेसाठी कुणी मेल केले असतील तर तेही हवेत.

भट्टीकाठ

आज काकूंकडं जाऊन आलो. सही माझी आहे हे सांगितलं. फोटो दाखवला. त्यांना वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. बोट फिरवत "पुढच्या शटडाउनला तपासणे" हे दोनदा वाचलं. मला वाटलं होतं त्या बोलतील, रागावतील. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आन् दुसरी वही कुठंय?"

मिस्त्री बिहारमधल्या छपरा गावचा, अपघातानंतर गावी गेला असं ऐकलं होतं. त्याचा एक नातेवाईक अजून फेज दोनमध्ये लायनिंगला येतो, असं आत्ताच एका मेल्टरनं सांगितलं. उद्या सकाळच्या शिफ्टला गेटवर जाऊन थांबतो.